चहाचा डाग गेला आणि दुसऱ्या दिवशी ताटाएवढा होऊन परत आला, त्याबद्दल

प्रतिक्रिया: «तुमच्या लेखात लिहिल्याप्रमाणे क्रीम रंगाच्या सोफ्यावर सांडलेला चहा व्हिनेगर-पाण्याने पुसला, मग लिक्विड साबण लावून परत पुसला. डाग गेला असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी मोठं तपकिरी कडं उमटलेलं होतं. पुन्हा सगळं केलं, पुन्हा तेच. आधी वाटीएवढा डाग होता, आता ताटाएवढा आहे. असले उपाय करून न बघता लिहू नयेत. आता कपड्यांचं ब्लीच लावावं असं घरात म्हणताहेत. लावू का?» (शाहूपुरी, सातारा)

ताई, नमस्कार. आधी ब्लीचचं. लावू नका. गादीत व्हिनेगर मुरलेलं आहे. त्यावर कपड्यांचं ब्लीच पडलं की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो घशाला आणि फुफ्फुसांना बाधतो. शिवाय ब्लीच फोममध्ये उतरलं तर पुरतं धुऊन निघत नाही. ते आत राहून धागा कुजवतं आणि पिवळा पाडतं.

आता तुमची तक्रार. ती योग्य आहे. त्या लेखात काय लावायचं ते लिहिलं होतं. पण कशाच्या आधी काय लावायचं, पाणी किती वापरायचं आणि गादी वाळवायची कशी, हे लिहिलं नव्हतं. तुमचा डाग नेमका या तीन जागी बिघडला.

पहिली चूक क्रमाची. चहावर आधी व्हिनेगर लावा हा सल्ला कोऱ्या चहासाठी बरोबर आहे. रेड वाइनसाठीही बरोबर आहे, कारण तिच्यात दूध नसतं. आपल्या चहात दूध असतं. दुधात आंबट पडलं की ते फाटतं, आणि सोफ्यावरही तेच होतं. व्हिनेगर लागताच दुधाचे बारीक कण कापडाच्या विणीत साकळून बसतात आणि चहाचा रंग त्यांना चिकटून राहतो. म्हणून दुधाच्या चहाला आधी डिटर्जंट लावून दूध आणि साय काढायची आणि मग व्हिनेगरने रंग काढायचा. लेखात हा क्रम उलटा पडला होता. तो आज दुरुस्त केला आहे.

दुसरी गोष्ट त्या कड्याची. चहा वरच्या कापडावर पसरला म्हणून कडं मोठं झालेलं नाही. अर्धा कप चहा सांडला तर कापड त्यातला थोडाच धरतं, बाकीचा खालच्या फोममध्ये जातो. वरून पुसल्यावर कापड स्वच्छ दिसतं, पण आतला चहा तिथेच असतो. तुम्ही पाणी घातलंत तेव्हा तो पातळ होऊन आणखी लांब पसरला. मग वाळताना पाणी कापडाच्या वरच्या बाजूने उडत गेलं आणि फोममधला रंग आपल्यामागून वर ओढत आणला. ओल्या जागेची कड सगळ्यात आधी वाळते, म्हणून रंग कडेला साचतो आणि कडं दिसतं. दुसऱ्यांदा पाणी घातल्यावर ओल आणखी लांब गेली, कडंही आणखी मोठं झालं. साताऱ्यात पावसाळ्यात गादी दोन-दोन दिवस ओली राहते, त्यामुळे हे वर ओढणं तेवढा वेळ चालूच राहतं.

मात्र हात लावण्याआधी एक तपासणी करा, कारण असंच तपकिरी कडं कधीकधी चहाचं नसतंच. सुती, लिनन किंवा तागाचं कापड फार भिजून सावकाश वाळलं तर त्याचा स्वतःचा तपकिरी रंग वर येतो. गादीच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला एक मोठा चमचा साधं पाणी टाका आणि रात्रभर वाळू द्या. सकाळी तिथेही तपकिरी कडं दिसलं तर निम्मा दोष कापडाचा आहे. पांढरं, खरखरीत कडं दिसलं तर ते बोअरच्या जड पाण्यातले क्षार आहेत. काहीच दिसलं नाही तर वरचं कडं फोममधल्या चहाचंच आहे. बोअरचं पाणी असेल तर पुढचं सगळं काम फिल्टरच्या पाण्याने करा.

कापड कशाचं आहे हेही कळायला हवं. सोफा गावातल्या कारागिराकडून करून घेतला असेल तर त्यावर लेबल बहुधा नसतंच. चेनीच्या आतल्या शिवणीतून एक धागा काढा आणि चिमट्यात धरून बेसिनवर जाळा. वितळून कडक काळा मणी झाला तर पॉलिस्टर, जळत्या कागदासारखा वास येऊन राख झाली तर सुती किंवा व्हिस्कोज. पॉलिस्टर सोसतं. सुतीला पाणी कमी आणि वाळवण लवकर हवी. व्हिस्कोजची मखमल असेल तर इथेच थांबा. तिची लव नुसत्या पाण्यानेही चपटी होते आणि पुन्हा उभी राहत नाही. लेबल असेल आणि त्यावर नुसता `S` किंवा `X` असेल तरीही पाणी लावायचं नाही. `W` किंवा `WS` असेल तर पुढचं सगळं चालतं.

आता तुमच्या गादीचं काम. चेन उघडा, पण कव्हर काढून मशीनमध्ये टाकू नका. चेन असते ती फोम भरता यावा म्हणून. धुतलेलं कव्हर आटलं की पुन्हा चढत नाही. चेनीतून हात घालून डागाच्या बरोबर खाली, फोमच्या वर, आधी एक प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यावर घडी घातलेला पांढरा पंचा सरकवा. आता वरून घातलेलं पाणी पंचात उतरेल, फोममध्ये नाही.

एक कप कोमट पाण्यात पाव चमचा कपड्यांचं लिक्विड डिटर्जंट घाला. फेस दिसायला लागला की पुरे, जास्त घातलं तर ते धुऊन काढायला पाणीही जास्त लागतं. कडकडीत पाणी नको, त्याने दुधातली प्रथिनं धाग्याला आणखी घट्ट धरतात. साबणाची वडीही नको. जड पाण्यात तिची साय धरते, आणि ती अल्कधर्मी असल्यामुळे चहाचा रंग गडद होतो. खायच्या सोड्याचंही तेच आहे. कोऱ्या चहाच्या एका पेल्यात लिंबू पिळा आणि दुसऱ्यात चिमूटभर सोडा टाका. लिंबाचा उजळतो, सोड्याचा काळपट होतो. सोफ्यावर सोडा टाकल्यावर हेच होतं.

हे पाणी स्प्रेच्या बाटलीने कड्याच्या बाहेरच्या बाजूकडून आत असं मारा, एका वेळी दोन-तीन मोठे चमचे. पाच मिनिटं थांबा. मग कोरड्या पांढऱ्या कापडाने दाबून टिपा. घासायचं नाही. घासलं की धागा फुलतो आणि डाग गेला तरी ती जागा वेगळी दिसते. टिपायच्या कापडाला रंग लागेनासा होईपर्यंत असं करा, साधारण तीन-चार वेळा. नंतर साधं पाणी मारून टिपा, बोटाला बुळबुळीत लागेनासं होईपर्यंत. डिटर्जंट आत राहिलं तर तिथे धूळ चिकटते आणि महिन्याभरात करडा डाग दिसतो. लोक त्यालाच चहा परत आला म्हणतात.

दूध गेलं की रंगाकडे वळा. एक भाग पांढरं व्हिनेगर, दोन भाग पाणी. व्हिनेगर नसेल तर एक कप पाण्यात अर्धा चमचा लिंबूसत्त्व चालतं. मारून पाच मिनिटं ठेवा, टिपा, साध्या पाण्याने पुन्हा टिपा. तपासणीत कापडाचाच तपकिरी रंग वर आलेला दिसला असेल तर त्यावरही हाच उपाय आहे, तो रंग सौम्य आंबटाने उतरतो. आतला पंचा ओला झाला की बदलत राहा.

आता वाळवण. डाग परत येणार की नाही हे इथे ठरतं, म्हणून निम्मं लक्ष इथे द्या. आतला पंचा आणि पिशवी काढा. मग गादी डागाची बाजू खाली करून चार पदरी कोरड्या पंचावर ठेवा आणि वर तांदळाचा पाच किलोचा डबा ठेवा. तासाभराने खालचा पंचा बदला. चेन उघडी ठेवून पंखा मागच्या बाजूवर सोडा, पहिल्या दिवशी रात्रभर. आता पाणी मागच्या बाजूने उडतं आणि फोममधला उरलेला चहा त्या बाजूला जातो. समोर जो थोडा येईल तो पंचाला लागतो. सकाळी पंचावर फिकट पिवळा गोल दिसला तर काम बरोबर चाललं आहे. तो चहा सोफ्याऐवजी पंचावर आला आहे. हेअर ड्रायर किंवा कडक ऊन वरच्या बाजूला लावू नका, त्याने ओढ वरच्याच बाजूला वाढते.

सगळं पूर्ण वाळल्यावरही फिकट पिवळेपणा उरला तर औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या. बाटलीवर सहा टक्के किंवा वीस व्हॉल्यूम लिहिलेलं असेल तर तितकंच पाणी मिसळा, म्हणजे तीन टक्के होतं. आधी खालच्या बाजूला थेंबभर लावून अर्धा तास बघा. रंग उडाला तर डागावर नको. नाही उडाला तर कापसाच्या बोळ्याने फक्त पिवळ्या जागी लावा, अर्ध्या तासाने पाण्याने टिपा. ते व्हिनेगरमध्ये कधीच मिसळायचं नाही आणि व्हिनेगर नीट धुतलं नसेल तर त्यावर लावायचंही नाही. दोन्ही एकत्र आले की त्वचेला आणि डोळ्यांना जाळणारं आम्ल तयार होतं. लोकर किंवा रेशमी कापडावर पेरॉक्साइड वापरू नका.

हे सगळं एकदा करा, लागलंच तर दुसऱ्यांदा. त्यानंतरही रंग राहिला तर तो धाग्यात बसलेला आहे आणि आणखी ओलं केल्याने फक्त कडी वाढतील. मग गादी उलटी करणं हाच खरा मार्ग. खालच्या बाजूला तेच कापड नसेल तर कारागिराकडून फक्त त्या एका गादीचं कव्हर नव्याने शिवून घ्या. तपासणीच्या चमचाभर पाण्याचं सकाळी काय दिसलं ते इथेच लिहा. तपकिरी कडं आलं तर सुती कापडासाठी पाण्याचं माप आणखी कमी करून सांगते.