पंचविशीनंतर बुद्धी उतरते, हे कितपत खरं?

"मेंदूची वाढ पंचविशीपर्यंतच. त्यानंतर बुद्धी दरवर्षी कमी होत जाते, हे शास्त्रानं सिद्ध झालंय. चाळिशीनंतर नवीन शिकायचा हट्ट नको, साठीनंतर पैशाचे व्यवहार मुलांकडे सोपवा."

हा मजकूर वाचून माझ्या एकाहत्तर वर्षांच्या आईनं पासबुक आणि चेकबुक माझ्यापुढे ठेवलं. "आता तूच बघ" म्हणाली. मला ते फार लागलं, म्हणून हे उत्तर.

यातला खरा भाग आधी मान्य करतो. मेंदूचा वेग विशीतच मंदावू लागतो. तो मोजायची चाचणी साधी आहे. कागदावर वर १ ते ९ आकडे आणि प्रत्येकाखाली एक खूण दिलेली असते. खाली नुसत्या आकड्यांच्या ओळी असतात. प्रत्येक आकड्याखाली त्याची खूण काढत जायचं, दोन मिनिटांत जमतील तेवढ्या. यात विशीतली मुलं पुढे असतात आणि पुढच्या प्रत्येक दशकात सरासरी खाली येते. अनोळखी आकृत्यांतला नियम शोधण्याचंही तसंच, फक्त उतार जरा सावकाश. नव्या कोड्याशी झटणाऱ्या या बुद्धीला मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी १९४०च्या दशकात तरल बुद्धी म्हटलं. शिकून, वापरून पक्की बसलेली ती स्फटिक बुद्धी: शब्दांचे अर्थ, व्यवहाराची जाण, कामातली रीत. शब्दसंग्रहाच्या चाचणीत साठीतली माणसं बहुधा विशीतल्यांना मागे टाकतात. हा साठा सरासरीनं सत्तरी ओलांडेपर्यंत टिकतो. तेव्हा "बुद्धी कमी होते" असं सरसकट म्हणताच येत नाही.

"दरवर्षी" हा शब्द कुठून आला, तेही बघू. वयानुसार बुद्धीचे जुने आलेख काढताना विशीतली, चाळिशीतली आणि सत्तरीतली वेगवेगळी माणसं एकाच वेळी तपासली जात. मानसशास्त्रज्ञ के. वॉर्नर शाय यांनी १९५६ साली अमेरिकेत सिएटलमध्ये सुरुवात अशीच केली, सुमारे ५०० माणसं घेऊन. त्या दिवशीचा सत्तर वर्षांचा माणूस १८८६च्या सुमारास जन्मलेला. शाळा लवकर सोडणं त्याच्या पिढीत सर्रास होतं. तो तरुणांपेक्षा कमी पडला, यात वय किती आणि शाळा किती, हे कसं सांगणार? म्हणून शाय यांनी दर सात वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा बोलावलं. मग चित्र पालटलं. वेग सोडला तर बहुतेक क्षमता साठीपर्यंत जवळपास टिकल्या होत्या आणि ठळक घसरण त्यानंतरची निघाली. अर्थात हीही मोजणी निर्दोष नाही. चाचणी पुन्हा दिली की सराव होतो, आणि आजारी माणसं पुढच्या फेरीला येत नाहीत, त्यामुळे आलेख थोडा गोड दिसतो. खरी रेषा दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे.

पण वेग गेला तर काम कसं चालतं? याचं मला सर्वांत आवडणारं उत्तर टायपिस्टांकडे आहे. टिमोथी सॉल्टहाउस यांनी १९८४मध्ये १९ ते ७२ वयाचे टायपिस्ट तपासले. पडद्यावर अक्षर दिसताच कळ दाबा म्हटलं, तर वयस्कांचं बोट उशिरा पडे. पण मजकूर टाइप करताना त्यांचा वेग तरुणांइतकाच! सॉल्टहाउस यांनी मग पुढची अक्षरं झाकून एका वेळी मोजकीच दिसू दिली. तेव्हा वयस्क टायपिस्ट आधी अडखळले. म्हणजे बोटं एका शब्दावर असताना त्यांची नजर तरुणांपेक्षा पुढे धावत होती आणि हातांना तयारीला वेळ मिळत होता. हा उपाय त्यांच्या मुरलेल्या कामापुरताच. अगदी नव्या गोष्टीला वयस्क माणसाला जास्त वेळ आणि जास्त उजळणी लागते. आईला यूपीआय जमायला तीन आठवडे लागले, मला एक संध्याकाळ. पण जमलं, आणि पैसे पाठवण्याआधी नाव दोनदा वाचायची सवय तिलाच आहे.

राहिला पैशाच्या व्यवहारांचा सल्ला. तो वयावरून ठरवणं चूक आहे. ओळखीच्या बाईंचं नाव ऐन वेळी न आठवणं आणि जेवताना आठवणं, हे वयाचं नेहमीचं लक्षण. मात्र वर्षानुवर्षं केलेला हिशेब जमेनासा होणं, तेच बिल दोनदा भरणं, रोजच्या रस्त्यावर गोंधळणं, ही मुरलेल्या कौशल्याला लागलेली गळती आहे. असं दिसलं तर वय पन्नास असो की ऐंशी, डॉक्टरांकडे जायला हवं. थायरॉइड, बी-१२ची कमतरता, नैराश्य किंवा एखादं औषध यांमुळेही असं होतं आणि त्यावर इलाज असतो.

आईच्या बाबतीत यातलं काहीच नाही. चेकबुक तिच्या कपाटात परत गेलंय.