रस्सा दोनदा

शनिवार हा वार मारुतीचा आणि हॉटेलवाल्यांचा, दोघांचाही. ही वाटणी कोणी केली माहीत नाही, पण तिच्यामुळे एकाच टेबलावर पाच जण मटण ओढत असतात आणि सहावा मटकीच्या उसळीकडे बघत 'आज शनिवार ना' म्हणत असतो. पुण्यात शिकायला आल्यावर मी एका कोल्हापुरी थाळीच्या हॉटेलात संध्याकाळची नोकरी धरली. पहिले चार दिवस इतके निवांत गेले की वेटरचं काम म्हणजे मुख्यतः टेबल पुसणं, असा माझा समज झाला. पाचवा दिवस शनिवार निघाला.

कॅप्टनला सगळे मामा म्हणायचे. मामांनी दुपारीच मला जागांच्या नंबरांची विद्या दिली होती. टेबलावर दाराकडे पाठ करून बसलेला माणूस एक नंबर, तिथून घड्याळाच्या काट्याप्रमाणे पुढे दोन, तीन, चार. ऑर्डर लिहिताना पदार्थासमोर नंबर टाकायचा. म्हणजे ताटं घेऊन आल्यावर "मटण कुणाचं, व्हेज कुणाची?" असं बाजारात ओरडल्यासारखं ओरडावं लागत नाही. मला ही पद्धत फार आवडली. इंजिनिअरिंगच्या तीन सेमिस्टरमध्ये जे झालं नव्हतं ते झालं: एक गोष्ट मला पूर्ण समजली.

साडेआठला बाहेर वेटिंगची वही उघडली. नऊ वाजता वहीचं पान उलटलं. आत भाकऱ्या थापणाऱ्या मावशी एक भाकरी तव्यावर, एक जाळावर आणि एक हातावर अशा तीन भाकऱ्या एकदम सांभाळत होत्या, तरी खिडकीतून "भाकरी! भाकरी!" सुरूच होतं.

टेबल नऊवर सहा जणांचं कुटुंब बसलं. काका, काकू, मुलगा, सून, मुलगी, जावई. पाच मटण थाळ्या आणि चार नंबरला, म्हणजे काकांना, व्हेज. "अकरा वर्षं शनिवार धरलाय यांनी," काकूंनी मला सांगितलं. मी वेटर होतो, पण त्यांनी ते पुजाऱ्याला सांगावं तसं सांगितलं. काकांनी मान डोलावली. त्या डोलावण्यात अभिमान कमी आणि भूक जास्त होती, हे मला आत्ता लिहिताना जाणवतंय.

ताटं बरोबर गेली. त्यानंतर मी आत असताना जे घडलं ते मला नंतर कळलं. चार नंबरच्या खुर्चीवर एसीचा झोत थेट मानेवर येत होता, म्हणून काका आणि दोन नंबरवरचे जावई यांनी ताटांसकट जागा बदलल्या. मी बाहेर आलो तो डाव्या हातात दोन छोट्या बादल्या, एकीत तांबडा, एकीत पांढरा, उजव्या हातात पळी आणि डोक्यात नंबर.

रस्सा वाढणाऱ्याचा साधा नियम आहे: आधी ताट बघायचं, मग पळी उचलायची. शेंबड्या पोरालाही कळेल असा. पण मी नंबर शिकलेला माणूस. दोन नंबरला वाढलं. "तांबडा?" विचारलं तर काकांनी मान हलवली. "पांढरा?" विचारलं तर बोट रिकाम्या वाटीकडे केलं. त्यांची कढी संपली होती. चार नंबरला मी वाढलंच नाही. जावई म्हणाले, "इकडे पण." मी शिकवल्याप्रमाणे नम्रपणे म्हणालो, "सर, तुमची व्हेज आहे." त्यांच्या हातात तेव्हा नळी होती.

सगळ्या टेबलांवरून हाका येत होत्या, म्हणून मी पुढे सटकलो. पाच मिनिटांनी परतलो तेव्हा काकांनी वाटी स्वतःहून पुढे केली. काकू सुनेशी बोलण्यात गुंतल्या होत्या. मी पुन्हा एक पळी ओतली आणि जावयांना पुन्हा टाळलं. आता ते चिडले. त्यांनी नळी माझ्या नाकापुढे धरली आणि विचारलं, "ही पडवळाची आहे का?"

तेव्हा कुठे मी ताट बघितलं. मग काकांचं ताट बघितलं. मटकी, बटाट्याची भाजी, आणि वाटीच्या तळाशी पांढुरक्या थेंबांत पडलेला दालचिनीचा तुकडा. हॉटेलच्या कढीत कढीपत्ता तरंगतो, दालचिनी नाही. पांढरा रस्सा म्हणजे मटण शिजवलेलं अळणी पाणी, त्यात नारळाचं दूध, खसखस, काजू आणि आख्खा मसाला. आत आचारी तो मंद आचेवर तान्ह्या बाळासारखा सांभाळत होते, कारण दूध घातल्यावर खळखळून उकळी आली की तो फाटतो. माझ्या पोटात त्या क्षणी नेमकं तसंच काहीतरी फाटलं.

खरं सांगतो, पहिला विचार वाईट होता. वाटी उचलायची, भांड्यांच्या टबात टाकायची, संपलं. कोणी तक्रार केली नव्हती. टब सहा पावलांवर होता. मी वाटी उचललीही. मग वाटीतून तो तुकडा माझ्याकडे बघायला लागला आणि मी वाटी घेऊन टबाऐवजी मामांकडे गेलो.

मामांनी वाटीत बघितलं. रागावले नाहीत, ते जास्त वाईट होतं. म्हणाले, "व्हेज-नॉनव्हेजची चूक लपवायची नसते. बिलाचं मी बघतो, सांगायचं तू." वळलो तर पुन्हा हाक मारली. "आणि सॉरीपासून सुरुवात करू नको. आधी काय झालं ते सांग. नुसतं सॉरी ऐकलं की गिऱ्हाईकाला वाटतं जेवणात पाल होती."

मी टेबल नऊपाशी उभा राहिलो. "काका, तुमच्या वाटीत मी पांढरा रस्सा वाढला. मटणाचा. जागा बदललेल्या मी बघितल्या नाहीत. चूक माझी आहे, माफ करा." इथे थांबायला हवं होतं. पण मला कबुली पूर्ण द्यायची होती, म्हणून मी पुढे म्हणालो, "दोनदा."

काकांचा घास हातातच राहिला. "अरेरे," ते म्हणाले. "मला कढीच वाटली."

काकूंनी माझ्या हातातली वाटी घेतली, दालचिनीचा तुकडा चिमटीत धरून दिव्याकडे केला आणि अतिशय शांतपणे विचारलं, "दोनदा म्हणजे? दुसऱ्यांदा यानं वाढलं की तुम्ही मागितलं?"

टेबलावर कोणीच बोललं नाही. सून ताटात कांदा शोधायला लागली. जावई, ज्यांना अजूनही रस्सा मिळाला नव्हता, ते पहिल्यांदाच माझ्याकडे प्रेमानं बघत होते.

"उचकी लागली होती," काका म्हणाले.

"उचकीला पाणी पितात."

तेवढ्यात मामा आले. त्यांनी व्हेज थाळी बिलातून काढत असल्याचं सांगितलं आणि नवीन ताट देऊ केलं. काका नको म्हणाले. काकू म्हणाल्या, "आणा. उसळ दोन वाट्या घाला." ताट आलं. काकांनी ते पूर्ण संपवलं, काकू बघत असेपर्यंत.

हात धुवायच्या बेसिनपाशी मी टॉवेल घेऊन उभा होतो. काका आले. आधी मागे वळून बघितलं, मग नळ मोठा सोडला.

"नवीन आहेस?"

"पाचवा दिवस, काका."

"खरं बोललास, चांगलं केलंस," ते हात चोळत म्हणाले. "पण पुन्हा असं झालं ना, तर सांगायला इथे येत जा."