एनएससीचं व्याज नऊ टक्के नाही: ४४,९०३ रुपये कसे होतात ते बघा

«पोस्टात एनएससीवर ७.७ टक्के लिहिलंय, पण खरं व्याज ९ टक्के मिळतं! १ लाखाचे ५ वर्षांत १,४४,९०३ होतात. ४४,९०३ भागिले ५ म्हणजे वर्षाला ८,९८१. बँक ७.२५ च्या पुढं जात नाही. व्याज दरवर्षी जमा होतं, नड आली की काढता येतं. सरकारनं दर वाढवला की आपलाही वाढतो. आणि टॅक्स शून्य! निवृत्त मंडळींना पाठवा.»

हा मजकूर गेले काही दिवस सांगली-मिरजेच्या निवृत्त शिक्षकांच्या आणि भिशीच्या ग्रुपवर फिरतोय. एनएससी म्हणजे पोस्टातलं पाच वर्षांचं राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र. त्यातला १,४४,९०३ हा आकडा अगदी बरोबर आहे, आणि म्हणूनच बाकीचंही लोकांना खरं वाटतं. ग्रॅच्युइटीचे पैसे हातात आलेला माणूस असं वाचून सगळी रक्कम एका फटक्यात गुंतवतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

नऊ टक्क्यांचा मुद्दा

आपल्याकडे हातउसन्या व्यवहारात व्याज शेकड्यानं बोलतात. दोन टक्क्यानं घेतले म्हणजे शंभराला महिन्याला दोन रुपये. त्यात मुद्दल आहे तेवढंच राहतं, त्यामुळे एकूण व्याजाला काळानं भागलं की दर निघतो. एनएससीत मुद्दल तेवढंच राहत नाही. वर्ष संपलं की त्या वर्षाचं व्याज मुद्दलात मिसळतं आणि पुढच्या वर्षी त्या वाढलेल्या रकमेवर ७.७ टक्के मोजतात. दर पाचही वर्षं ७.७ च असतो, वाढते ती ज्यावर व्याज धरायचं ती रक्कम.

समजा १० ऑक्टोबर २०२३ ला एक लाखाची एनएससी घेतली. १० ऑक्टोबर २०२४ ला पहिलं वर्ष भरलं, व्याज झालं ७,७०० रुपये. आता रक्कम १,०७,७००. दुसऱ्या वर्षाचं व्याज यावर, म्हणजे ८,२९२ रुपये ९० पैसे. तिसरं वर्ष सुरू होताना रक्कम १,१५,९९२ रुपये ९० पैसे, त्यावर ८,९३१ रुपये ४५ पैसे. चौथ्या वर्षी ९,६१९ रुपये १८ पैसे. पाचव्या वर्षी १०,३५९ रुपये ८५ पैसे. पाचांची बेरीज ४४,९०३ रुपये ३८ पैसे. पोस्टाच्या तक्त्यात एक हजाराला १,४४९ रुपये ३ पैसे दिसतात ते हेच. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर एक लाखाला १.०७७ नं लागोपाठ पाच वेळा गुणा, हाच आकडा येतो.

वर्षाला ८,९८१ रुपये ही सरासरी आहे खरी, पण तेवढं व्याज कुठल्याच वर्षी मिळत नाही. पहिल्या वर्षी त्यापेक्षा सव्वा हजारानं कमी पडतं, शेवटच्या वर्षी जवळजवळ चौदाशेनं जास्त. शिवाय या सरासरीला मूळच्या एक लाखाशी ताडलंय, तेही पाचव्या वर्षी जेव्हा व्याज १,३४,५४३ रुपयांवर चालू असतं तेव्हा. दर असा काढत नाहीत.

सगळ्यात मोठी गल्लत बँकेशी तुलना करताना झाली आहे. भागाकाराची ही रीत एनएससीला लावायची आणि बँकेला मात्र फलकावरचा दर धरायचा, हे बरोबर नाही. बँकेतही व्याज न काढता ठेव ठेवता येते आणि तिथं साधारणपणे दर तीन महिन्यांनी व्याज मुद्दलात मिसळतं. ७.२५ टक्क्यांनी एक लाख पाच वर्षं अशा ठेवीत ठेवले तर १,४३,२२६ रुपये होतात. ४३,२२६ ला पाचानं भागा, मजकुराच्या रीतीनं बँकसुद्धा ८.६५ टक्के देते! दोघांना एकच माप लावलं तर वर्षाकाठी बँकेचे पडतात ७.४५ टक्के आणि एनएससीचे ७.७. एनएससी पुढं आहे, पण पाच वर्षांत लाखामागं १,६७७ रुपयांनी. नऊ आणि सव्वासात असा फरक नाही.

जुन्या लोकांना आणखी एका गोष्टीमुळे चकवा बसतो. मार्च २०१६ पर्यंत घेतलेल्या एनएससीत व्याज सहा महिन्यांनी मिसळत असे, एप्रिल २०१६ पासून ते वर्षातून एकदाच मिसळतं. घरात जुना तक्ता असेल तर त्यावरून आजचा हिशेब करू नका.

नड आली की काढण्याचा मुद्दा

व्याज दरवर्षी मोजलं जातं, पण ते तुमच्या बचत खात्यात येत नाही. आतच मिसळतं आणि पाच वर्षांनी मुद्दलासकट एकदम हातात पडतं. मुळात ४४,९०३ चा आकडा तयार होतो तोच व्याजाला हात लागत नाही म्हणून. दरवर्षी व्याज काढायची सोय असती तर वर्षाला ७,७०० प्रमाणे ३८,५०० च मिळाले असते. वरचे ६,४०३ रुपये हे व्याजावरचं व्याज आहे. मजकूर लिहिणाऱ्यानं दोन्ही फायदे एकदम दिले आहेत, आणि ते एकत्र मिळूच शकत नाहीत.

ज्यांना औषधपाण्याला दरवर्षी व्याज हातात हवंय त्यांच्यासाठी पोस्टातच पाच वर्षांची मुदत ठेव आहे. तिचा दर एप्रिल २०२३ पासून ७.५ टक्के आहे. व्याज तिमाहीनं मोजतात आणि वर्षाला देतात, म्हणून लाखाला वर्षाकाठी सुमारे ७,७१४ रुपये खात्यात येतात. एनएससीच्या पहिल्या वर्षाच्या व्याजापेक्षा हे चौदा रुपये जास्तच आहेत. विश्रामबागेतल्या एका निवृत्त बाईंना मी हेच सांगितलं, कारण त्यांना पैसा वाढवायचा नव्हता, वर्षाचा खर्च भागवायचा होता.

मुदतीआधी मुद्दल काढणं हा तर आणखी अवघड भाग. खातेदाराचा मृत्यू, न्यायालयाचा आदेश किंवा तारण ठेवलेली एनएससी तारणदारानं, तो राजपत्रित अधिकारी असेल तर, जप्त करणं, एवढ्याच कारणांनी ती मुदतीआधी मोडते. मुलीचं लग्न किंवा घराची डागडुजी हे कारण चालत नाही. मृत्यूनंतर वारसानं पैसे काढले तरी १,४४,९०३ च्या तक्त्याप्रमाणे मिळत नाहीत. वर्षाच्या आत नुसतं मुद्दल मिळतं. एक ते तीन वर्षांत बचत खात्याच्या दरानं सरळव्याज मिळतं. तीन वर्षं झाल्यावर त्यासाठीचा वेगळा, कमी रकमेचा तक्ता लागतो. नड भागवायचा एक रस्ता मात्र आहे: एनएससी बँकेत तारण ठेवून कर्ज काढता येतं. त्या कर्जावर व्याज आपल्यालाच भरावं लागतं, हे धरून चला.

दर वाढण्याचा मुद्दा

सरकार अल्पबचतीचे दर तीन-तीन महिन्यांनी ठरवतं. ते नव्यानं घेणाऱ्याला लागू होतात. तुम्ही घेतलीत त्या दिवशी जो दर होता तोच पाचही वर्षं. वाढीचा फायदा नाही तसाच कपातीचा तोटाही नाही.

तासगावच्या दोन जावांचा किस्सा यावरच आहे. थोरलीनं २०२० च्या मार्चमध्ये एक लाखाची एनएससी घेतली, धाकटीनं त्याच वर्षी जूनमध्ये. मार्चपर्यंत दर ७.९ होता, एप्रिल २०२० पासून तो ६.८ झाला. २०२५ मध्ये थोरलीला १,४६,२५४ रुपये मिळाले आणि धाकटीला १,३८,९४९. सात हजार तीनशे रुपये कमी कसे, काउंटरवर काही घोळ झाला का, म्हणून धाकटी दोन्ही पासबुकं घेऊन माझ्याकडं आली. घोळ काहीच नव्हता. एक लाखाला १.०६८ नं पाचदा गुणलं आणि तिच्याच समोर १,३८,९४९ आले. मध्ये जानेवारी २०२३ ला दर ७ आणि एप्रिल २०२३ ला ७.७ झाला होता, पण तिच्या एनएससीला त्यातलं काही लागू नव्हतं. तेव्हा रक्कम ताडून बघायची असेल तर पहिल्यांदा पासबुकावरची घेतल्याची तारीख बघा आणि त्या दिवशीचा दर धरा.

टॅक्स शून्यचा मुद्दा

एनएससीच्या व्याजातून टीडीएस कापत नाहीत. बँकेत भरतो तसा १५ एच वगैरे फॉर्म इथं लागत नाही, म्हणून लोक व्याज करमुक्त समजतात. ते तसं नाही, ते उत्पन्नात धरावं लागतं.

गोंधळ होण्याचं कारण ८० सीची सवलत. जुन्या करप्रणालीत गुंतवलेली रक्कम दीड लाखाच्या मर्यादेत वजा मिळते. पहिल्या चार वर्षांचं व्याज पुन्हा गुंतवलं असं मानतात, म्हणून तेही त्याच मर्यादेत वजा धरता येतं. वरच्या उदाहरणात ऑक्टोबर २०२४ ला झालेले ७,७०० रुपये उत्पन्नात दाखवायचे आणि मर्यादा शिल्लक असेल तर तेवढेच वजाही मागायचे. कर जवळजवळ शून्य होतो तो असा, आणि तोही चारच वर्षं. पाचव्या वर्षाचे १०,३५९ रुपये पुन्हा गुंतत नाहीत, हातात येतात, त्यावर ही सवलत नाही. मर्यादा भविष्यनिर्वाह निधीत किंवा विम्यात आधीच संपली असेल तर चार वर्षांच्या व्याजालाही उपयोग नाही. आणि नव्या करप्रणालीत ही वजावट मुळातच नाही.

इथं चूक होते ती अशी: दरवर्षी व्याज वजावटीत मागतात आणि उत्पन्नात दाखवत नाहीत. किंवा चार वर्षं व्यवस्थित दाखवतात आणि पाचव्या वर्षी सगळे ४४,९०३ पुन्हा उत्पन्नात धरून दोनदा कर भरतात. वर्षवार पाच आकडे एका कागदावर लिहून पासबुकात ठेवले, आणि दाखवलेल्या आकड्यापुढं ते वर्ष टाकलं, तर पाचव्या वर्षी फक्त शेवटचा आकडा उरतो.

त्याच कागदावर मुदतीची तारीखही लिहा. पोस्टाच्या मुदत ठेवीला आपोआप नूतनीकरणाची सोय आहे, एनएससीला ती नाही. वरच्या उदाहरणातले ७.७ टक्के १० ऑक्टोबर २०२८ ला थांबतात. पैसे पुन्हा तिथंच ठेवायचे असतील तर जुनं खातं बंद करून नवा फॉर्म भरायचा, आणि तेव्हा दर लागेल तो त्या दिवशीचा.