सतरा थेंब आणि एक दार

आमचं जुनं सेमी-ऑटोमॅटिक मशीन मार्चमध्ये गेलं. गोव्यात मार्चमध्ये मशीन जाणं म्हणजे घामाचे कपडे आणि टँकरचं पाणी एकदमच अंगावर येणं. आम्ही पर्वरीला, चौथ्या मजल्यावर. चौथा म्हणजे शेवटचा, हे पुढे कामाला येईल.

फ्रंटलोड की टॉपलोड, एवढा एकच प्रश्न मी बिल्डिंगखाली उभा राहून विचारला. वर्ल्डकपच्या वेळी ब्राझील की अर्जेंटिना विचारल्यासारखं झालं. पहिल्या मजल्यावरचे काका आयएफबीचे, कारण कारखाना आपल्या वेर्ण्यात. दुसऱ्या मजल्यावर बॉश, तिसऱ्यावर एलजी आणि सॅमसंग समोरासमोर, दोन्ही घरांत बोलणं बेताचंच. एकमत एकाच गोष्टीवर झालं: ‘टँकरचं पाणी जड. फ्रंटलोड घेतलंस तर हीटरवर चुना बसून दोन वर्षांत भंगार.’

जड म्हणजे किती जड? काकांनी खिशातून टीडीएसचं पेन काढून बादलीत बुडवलं. ४८०. ‘बघ!’ म्हणाले. पण हे पेन पाण्यात विरघळलेलं सगळंच एका हिशेबात धरतं. मीठ घातलं तरी आकडा चढतो. मशीनला त्रास देतात ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, आणि ते यातले किती हे पेनाला कळत नाही. काकांना हे सांगितलं. त्यांनी पेन पुसून खिशात ठेवलं आणि आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

म्हापशाला मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात जडपणा मोजायची थेंबांची बाटली मिळते. नळीत ५ मिली पाणी घ्यायचं, एकेक थेंब टाकून हलवायचं आणि नारिंगी रंगाचा हिरवा होईपर्यंत मोजत राहायचं. एक थेंब म्हणजे लिटरला साधारण १८ मिलिग्रॅम. अस्नोड्याचं नळाचं पाणी तिसऱ्या थेंबाला हिरवं झालं. टँकरचं पाणी घेतलं. आठ थेंब झाले, नारिंगी. बारा, नारिंगी. स्वयंपाकघरातून आईने विचारलं, “औषध कुणाला देतोयस?” सतराव्या थेंबाला हिरवं. म्हणजे ३०० च्या वर. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक २०० पर्यंत ठीक म्हणतं, आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. म्हणजे आमचं पाणी जड खरं, पण भंगार करणारं?

मग मी वहीत हिशेब मांडला. फ्रंटलोड साबणाच्या फेरीत गरम करतं ते जेमतेम १५ लिटर. लिटरला ३०० मिलिग्रॅम म्हणजे एका धुण्याला साडेचार ग्रॅम. टँकर चालतो तीन महिने, आठवड्याला चार धुणी, म्हणजे पन्नासेक. सगळाच्या सगळा चुना हीटरला चिकटला तरी सव्वादोनशे ग्रॅम. आणि सगळा चिकटत नाही. तापवल्यावर खाली बसतो तो फक्त बायकार्बोनेटचा हिस्सा. उरलेला पाण्याबरोबर गटारात जातो. शिवाय ही गंमत उकळत्याच्या जवळ गेल्यावर रंगते. ४० अंशांवर फार थोडी पुटं धरतात, ६० च्या पुढे भराभर. थंड पाण्यात धुतलं तर हीटर पेटतच नाही आणि प्रश्नच मिटतो. हीटरवालं टॉपलोड घेतलं तर त्याचंही नशीब हेच. म्हणजे मशीन समोरून उघडतं की वरून, याच्याशी चुन्याला काही देणंघेणं नाही. त्याला हवी फक्त गरम सळई. अधूनमधून १०० ग्रॅम लिंबाचं सत्त्व रिकाम्या ड्रममध्ये टाकून ६० अंशांचा प्रोग्राम लावला की बसलेली पुटंही सुटतात.

बिनहीटरच्या टॉपलोडला हा धाक नाही, पण ते एका धुण्याला शंभराच्या वर लिटर पितं. फ्रंटलोड पन्नासच्या आसपास. जड पाण्याचा प्रत्येक लिटर आपला वाटा म्हणून थोडी पावडर खातो, त्यामुळे पाणी दुप्पट तिथे पावडरही जास्त. आणि टँकरचे पैसे आम्ही वाटून भरतो. शिवाय पावसाळा. जून ते सप्टेंबर आमच्या हॉलमध्ये कपड्यांखालून वाकून फिरावं लागतं. फ्रंटलोड मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांनी पिळतं आणि कपडे निदान ठिबकत नाहीत. माझं ठरलं.

आईचं ठरलं नव्हतं. “वर उघडणारं आण. पाणी गेलं तर वरून बादली ओतता येते. त्या पोर्टहोलमधून काय ओतणार?”

हा मुद्दा बिनतोड होता. पण मशीनची जागा म्हणजे बाथरूमच्या दाराशेजारचा ६४ सेंटीमीटरचा कोनाडा, आणि त्यावर भिंतीत चवथीच्या सामानाचं कपाट, जमिनीपासून १२५ वर. टॉपलोडचं झाकण उभं केलं की १३० च्या पुढे जातं. कपाट हलवूया म्हटलं, तर आईने नुसतं माझ्याकडे पाहिलं. माटोळीची दांडकी त्यातच राहणार होती.

राहिला दाब. चौथ्या मजल्यावर टाकी डोक्यावर, म्हणून पाणी जोरात येईल असं मला वाटायचं. उलटं आहे. दाब मिळतो उंचीमुळे, दहा मीटरला एक बार. आमच्या नळापासून टाकीचा तळ अडीच मीटर. म्हणजे पाव बार, आणि वाटेतल्या कोपऱ्यांनी खाल्लेला वेगळा. काही मॉडेलं ०.३ मागतात, काही थेट १. कमी पडला की मशीन भरतच राहतं, मग कंटाळून स्क्रीनवर एरर दाखवून उभं राहतं. एलजीत IE दिसतं, सॅमसंगमध्ये 4C. पहिल्या मजल्यावरच्या काकांना हे कधी दिसलं नाही, यात वेर्ण्याचा वाटा किती आणि त्यांच्या डोक्यावरच्या तीन मजल्यांचा किती, हे विचारायची सोय नव्हती. प्लंबरने नळ सोडून पाहिला आणि म्हणाला, “उदकाक प्रेशर ना, बाब.” छोटा पंप बसवला. आता धुणं सुरू झालं की अख्ख्या जिन्याला कळतं.

शेवटी ब्रँड ठरवला तो सर्व्हिसचा माणूस पर्वरीत किती दिवसांत येतो हे विचारून. नाव सांगत नाही. याच बिल्डिंगमध्ये राहायचं आहे.

आणण्याआधी मी पुठ्ठ्याचं मशीन बनवलं होतं. ६० रुंद, ५५ खोल, मागे पाइपला १० जादा, आणि पुढे गोल दारसुद्धा. बाथरूमचं दार बाहेर उघडतं. तेही उघडून पाहिलं. पुठ्ठ्याला घासून, पण उघडलं.

पहिला पाऊस आला आणि मशीनच्या दाराच्या रबरात काळे ठिपके धरू लागले. उपाय साधा, रबर पुसायचं आणि धुणं झालं की दार उघडं ठेवायचं. मी रबर पुसलं, दार शेवटपर्यंत उघडलं आणि बाजारात गेलो.

परत आलो तर बाथरूमचं दार चार बोटं उघडून थांबलेलं. पुठ्ठा वाकला होता. बिजागरी वाकत नाही.

फटीतून आईचा आवाज आला, “वर उघडणारं आण म्हटलं होतं.”