माकडं, कॅमेरा आणि खोटे अलार्म : एका प्रतिक्रियेला उत्तर

आंब्याच्या बागेत माकड आलं की कॅमेऱ्याच्या चित्रांवरून ते ओळखून भोंगा वाजवणाऱ्या मॉडेलवर, म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्रॅमवर, मी मागे एक लेख लिहिला होता. हे मॉडेल प्रत्येक ओळखीला 0 ते 1 मधला खात्रीचा आकडा देतं, त्याला कॉन्फिडन्स म्हणतात, आणि तो ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेला तरच ती ओळख धरली जाते. त्या लेखावर आलेली ही प्रतिक्रिया.

वाचकाची प्रतिक्रिया : «एवढा मोठा लेख लिहिलात, पण कॉन्फिडन्स 0.35 वरून 0.7 केला की खोटे अलार्म बंद, विषय संपला. साधा पीआयआर सेन्सर लावला असतात तरी भागलं असतं. पावसात कॅमेऱ्याचं काय, सोलरचं काय, त्यावर एक ओळ नाही. मुंबईत एसीत बसून शेतकऱ्यांना शहाणपणा शिकवू नका.»

साहेब, मुद्दा मांडायचा तर सरळ मांडायचा होतात, एसी कशाला मधे आणलात? राहतो मी बोरिवलीला हे खरंय, पण कलमं राजापूरकडची, आजोबांनी लावलेली, आणि मे महिन्यात गडग्यावर बसून पत्र्याचा डबा बडवत राखण केलेला माणूस आहे मी. आजही सुट्टी मिळाली की तुतारी एक्सप्रेस पकडून तिकडेच जातो. माकड कैरीला एक चावा घेतं, टाकतं आणि दुसरी तोडतं, ते बघताना पोटात काय होतं हे मला कुणी सांगायची गरज नाही.

पीआयआर स्वस्त असतो, मान्य. रात्री, थंड हवेत चांगलाच चालतो. पण तो बघतो शरीर आणि आजूबाजूचं यातला तापमानाचा फरक. एप्रिलच्या दुपारी तो फरक उरतच नाही, वर उन्हाने तापलेली पानं हलली की तो सुरू. सोलर आणि पावसाचं सगळं आधीच्या लेखात आहे, वाचलं असतंत तर विचारलं नसतंत.

आता तुमचा तो 0.7. आमच्या बागेतलंच सांगतो. मांगराजवळच्या खांबावर कॅमेरा आहे, समोर दोन कलमं आणि बाजूला एक माड. दुपारी चारच्या सुमाराला माडाच्या झावळीची सावली कलमाच्या खोडावर पडते, वारा आला की हलते, आणि मॉडेल तिला ठामपणे माकड म्हणतं, 0.78, 0.81 असे आकडे देतं. खरं माकड मात्र पानांत अर्धं लपलेलं असतं, नुसती पाठ आणि शेपूट दिसत असते, त्याला मिळतात 0.4. म्हणजे तुमचं ऐकून `conf`, म्हणजे कॉन्फिडन्सची मर्यादा, 0.7 केली तर सावलीवर भोंगा वाजणार आणि माकड निवांत खात बसणार! कॉन्फिडन्स म्हणजे मॉडेलला किती खात्री वाटते तेवढंच, ती खात्री बरोबर आहे की नाही हे तो आकडा सांगत नाही.

म्हणून मी 0.35 ठेवतो आणि एका फ्रेमवर विश्वासच ठेवत नाही. सेकंदाला 3 फ्रेम तपासायच्या, प्रत्येक फ्रेमचं एक मत, आणि 10 पैकी निदान 6 फ्रेममध्ये माकड दिसलं तरच भोंगा. हिशेब करून बघा, 12 तासांत 1,29,600 फ्रेम होतात, एकेका फ्रेमवर भोंगा वाजवला तर त्यातल्या 5 टक्के जरी चुकल्या तरी साडेसहा हजारांच्या आसपास खोटे अलार्म रोजचे. चुका इथेतिथे विखुरलेल्या असतील तर दहा-दहाच्या गटात 6 चुका एकदम पडायचा योग महिन्यातून एखादा येतो.

पण झावळीची चूक विखुरलेली नसते ना, ती सलग वीस मिनिटं तिथेच असते, दहापैकी दहा मतं घेते! मतमोजणी तिच्यापुढे हरते. तिच्यासाठी दोन गोष्टी केल्या. एक, मॉडेल ओळखलेल्या माकडाभोवती जो बॉक्स काढतं त्याला ट्रॅकिंग लावलं, म्हणजे तो फ्रेममागून फ्रेम कुठे सरकतो ते बघितलं, आणि बॉक्सचा मध्य निदान स्वतःच्या रुंदीइतका सरकला असेल तरच मत धरायचं असं ठरवलं. सावली जागच्या जागी डुलते, माकड चालत किंवा उडी मारत येतं. (पानांमागून एकदम प्रकट होऊन बसलेलं माकड हललं नाही तोवर सुटतं, ही याची मर्यादा.) दुसरं, यात माकड नाही हे मॉडेलने शिकावं म्हणून त्याच सावलीचे फोटो लेबल काहीही न देता ट्रेनिंगमध्ये टाकले. असे रिकामे फोटो एकूण डेटाच्या 10 टक्क्यांपर्यंत ठेवावेत असं योलो हे मॉडेल बनवणारे स्वतःच सांगतात, आणि ते वेगवेगळ्या वेळांचे, वेगवेगळ्या उजेडातले हवेत, एकाच सावलीचे शंभर नकोत.

हे पुराण कशाला म्हणाल तर भोंगा फुकट वाजला की शेजारच्या झाडावरची टोळी तो ऐकत असते, मागून माणूस येत नाही, कुत्रा येत नाही, हे तिला कळतं आणि मग खऱ्या वेळीसुद्धा ती ढिम्म हलत नाही. एकदा सरावली की नुसता आवाज बदलून फार दिवस भागत नाही.

तुमच्याकडे 0.7 वर खरंच सगळं चालत असेल तर अलार्म झालेल्या फ्रेम वेळेसकट पाठवा. एकाच तासात, एकाच जागी गोळा झालेल्या दिसल्या तर ती सावली आहे. आणि त्या दिवसाचं पूर्ण रेकॉर्डिंगही पाठवा, कारण सुटलेली माकडं अलार्मच्या फोल्डरमध्ये कधीच सापडत नाहीत.