३६० ने भागलं की व्याज वाढतं

“कर्जदारांनो, जागे व्हा! महिना ३० दिवसांचा, वर्ष ३६० दिवसांचं. तरी हे लोक ३६५ दिवसांचं व्याज लावतात, लीप वर्षात तर ३६६ चं! ३६० दिवसांचं वर्ष धरणाऱ्याकडे कर्ज हलवा, दरवर्षी ५ दिवसांचं व्याज वाचेल. आणि कर्ज फेडायचं तर फेब्रुवारीअखेर फेडा, दिवस फुकट मिळतात. सर्वांना पाठवा.”

हा मजकूर मला तीन जणांनी पाठवला, तोवर मी गप्प होतो. चौथ्यांदा तो माझ्या धाकट्या बहिणीकडून आला आणि खाली तिनं लिहिलं होतं, “दादा, मी कर्ज हलवायचा अर्ज भरलाय, उद्या सही करते.” तिला रात्री फोनवर जे सांगितलं तेच इथं लिहितो, कारण यातला कर्ज हलवायचा सल्ला खिशातून पैसे काढणारा आहे.

तिचं कर्ज समजायला सोपं आहे. मुद्दल १० लाख, ते मुदतीअखेर एकदम फेडायचं, तोवर दरमहा फक्त व्याज. दर ९ टक्के. आकारणी प्रत्यक्ष दिवसांवर, भाजक ३६५. म्हणजे साध्या वर्षात ९०,००० व्याज. नव्या ठिकाणी दर ८.९५ टक्के होता आणि करारात “वर्ष ३६० दिवसांचे धरले जाईल” असं वाक्य होतं. त्या मजकुरामुळे तिला हे वाक्य दुहेरी फायद्याचं वाटलं, दरही कमी आणि दिवसही कमी.

दिवसगणनेची प्रत्येक पद्धत म्हणजे एक अपूर्णांक असतो. वर मोजलेले दिवस, खाली वर्षाचे दिवस. पद्धतीच्या नावातच हे दोन भाग असतात. ३०/३६० मध्ये वर प्रत्येक महिना ३० चा आणि खाली ३६०. प्रत्यक्ष/३६५ मध्ये वर दिनदर्शिकेचे खरे दिवस आणि खाली ३६५. आणि प्रत्यक्ष/३६० नावाची तिसरी पद्धतही आहे, वर खरे दिवस, खाली ३६०. हे मी घरी बसून रचलेलं नाही. स्वॅप आणि डेरिव्हेटिव्हच्या करारांसाठी इस्डा या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २००६ साली ज्या व्याख्या छापल्या, त्यांच्या कलम ४.१६ मध्ये या पद्धती एकाखाली एक, वेगवेगळ्या दिल्या आहेत. तो मजकूर लिहिणाऱ्यानं पहिली आणि तिसरी एकच समजून टाकली.

३०/३६० मध्ये पाच दिवस वाचत नाहीत, कारण वरही ३६० आणि खालीही ३६०. वर्षाचं व्याज तेच ९ टक्के, फक्त दर महिन्याला समान बारावा भाग, ७,५००. प्रत्यक्ष/३६० मध्ये मात्र वर ३६५ आणि खाली ३६०. पाच दिवसांचं व्याज वाचत तर नाहीच, उलट जास्तीचं द्यावं लागतं. बहिणीच्या नव्या करारात भाजक ३६० होता आणि दोन वाक्यं पुढे “प्रत्यक्ष वापरलेल्या दिवसांसाठी” हे शब्द होते. ते तिनं वाचले होते, पण जोडून वाचले नव्हते. ८.९५ टक्क्यांनी ८९,५०० होतात, त्याला ३६५ ने गुणून ३६० ने भागलं की ९०,७४३. जुन्या कर्जापेक्षा वर्षाला ७४३ जास्त, तेही कमी दराच्या कर्जावर. खरा दर ९.०७ टक्के पडतो. त्या भाजकावर तिला नुसती बरोबरी साधायची असती तरी दर ८.८७ टक्क्यांच्या आसपास हवा होता. तिनं सही केली नाही.

आता लीप वर्ष. इथं थोडं खरं आहे, ते नाइलाजानं मान्य करतो. भाजक कायम ३६५ असेल तर लीप वर्षात ३६६ दिवसांचं व्याज लागतं, म्हणजे १० लाखांवर ९०,२४६.५८. वर्षाला ९ टक्के सांगितलं आणि त्याहून एका दिवसाचं जास्त घेतलं, हे आकड्यांनी खरंच आहे. पण रोजचा आकडा तोच राहतो, २४६.५८, आणि पैसे त्या दिवशीही वापरात असतात. प्रत्यक्ष/प्रत्यक्ष पद्धतीत लीप वर्षातल्या दिवसांना ३६६ ने भागतात, मग रोजचं व्याज २४५.९० होतं आणि वर्षाचं बरोबर ९०,०००. दोन्ही पद्धती मान्य आहेत. करारात कोणती लिहिली आहे ते पाहा. प्रत्यक्ष/प्रत्यक्ष लिहिली असेल आणि तरी ३६५ ने भागत असतील, तर जरूर भांडा.

फेब्रुवारीचं गणित तर त्यांनी ज्या कर्जाला लावलं त्यालाच लागू पडत नाही. प्रत्यक्ष दिवसांवर २८ दिवस वापरले तर २८ दिवसांचं व्याज, फुकट काही नाही. गंमत होते ती ३०/३६० मध्ये, आणि ती स्प्रेडशीटमध्ये कुणीही पाहू शकतं:

```
=DAYS360(DATE(2023,2,1),DATE(2023,2,28),TRUE)
=DAYS360(DATE(2023,2,1),DATE(2023,3,1),TRUE)
```

पहिल्याचं उत्तर २७, दुसऱ्याचं ३०. एक रात्र उलटली आणि तीन दिवस मोजले गेले, म्हणजे १० लाखांवर २५० च्या हिशेबानं ७५०. तेव्हा अशा कर्जात १ मार्चऐवजी २८ फेब्रुवारीला फेडणं खरंच फायद्याचं ठरू शकतं. पण काही सूत्रांत फेब्रुवारीचा शेवटचा दिवस ३० वाच मानतात आणि मग तो फायदा उरत नाही. आणि उशीर झाला तर हेच तीन दिवस अंगावर येतात, हे त्या मजकुरात कुठंय?

आपल्या कर्जाला कोणती पद्धत लावली आहे हे कुणाला विचारत बसू नका. खातेउताऱ्यातला ३१ दिवसांचा असा एक महिना निवडा, ज्यात मुद्दल आणि दर दोन्ही बदललेले नाहीत. मुद्दलाला वार्षिक दरानं गुणा, मग ३१ नं गुणा आणि त्या महिन्याच्या व्याजानं भागा. बहिणीच्या उताऱ्यात ७,६४३.८४ व्याज होतं. ९०,००० गुणिले ३१, भागिले ७,६४३.८४, उत्तर ३६५. व्याज ७,७५० असतं तर ३६० आलं असतं, म्हणजे महागडी पद्धत. ७,५०० असतं तर ३७२ आलं असतं. हा विचित्र आकडा दिसला की समजा, महिना ३० चा धरलाय. लीप वर्षात ३६६ आलं तर प्रत्यक्ष/प्रत्यक्ष. हे ३० दिवसांच्या महिन्यावर करू नका, कारण तिथं ३०/३६० आणि प्रत्यक्ष/३६० या दोन्हींचं व्याज ७,५०० च येतं आणि फरक लपून राहतो. मुद्दल दरमहा कमी होणारं, समान हप्त्यांचं कर्ज असेल तर त्या महिन्याच्या सुरुवातीची शिल्लक घ्या आणि हप्ता महिन्याच्या मध्ये जमा होत असेल तर एका हप्त्यापासून पुढच्या हप्त्यापर्यंतचे दिवस मोजा.

बहिणीनं काल तिच्या कार्यालयातल्या दोघींचे उतारे असेच तपासले. एकीचं उत्तर ३६५ आलं, दुसरीचं ३६०. त्या दुसरीनं मागच्याच वर्षी तोच मजकूर वाचून कर्ज हलवलं होतं.