नायट्याची ट्यूब चिठ्ठीवरच का? फिरत्या मेसेजला उत्तर

"चिठ्ठीचा नियम म्हणजे डॉक्टर आणि कंपन्यांची मिलीभगत. खाजेची ट्यूब वरून लावायची असते, पोटात जात नाही, मग तिला चिठ्ठी कशाला? परदेशात असल्या ट्यूबा दुकानात मोकळ्या मिळतात. आपल्या इथंही मेडिकलवाला न विचारता देतोच, म्हणजे धोका नाहीच. कोल्हापूरकरांनो, पुढे पाठवा."

पावसाळा आला की कोल्हापुरात नायटा वाढतो. तालमीत तर तो एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर सहज जातो, कारण कुस्तीत कातडीला कातडी घासते. म्हणून हा मेसेज इथल्या पोरांपर्यंत पोचणं मला गंभीर वाटतं.

पहिला मुद्दा, 'वरून लावायची असते'. या ट्यूबांपैकी पुष्कळ ट्यूबांत तीन औषधं एकत्र असतात: बुरशीवरचं, जिवाणूंवरचं आणि स्टिरॉइड. स्टिरॉइड बहुधा क्लोबेटासॉल किंवा बेक्लोमेथासोन. क्लोबेटासॉल कातडीवर लावायच्या स्टिरॉइडांपैकी सर्वांत तीव्र गटात मोडतं. आता समजा, विशीतल्या एका पैलवानाच्या जांघेत चट्टा उठला. त्यानं ट्यूब लावली. एक-दोन दिवसांत खाज थांबली, लाली उतरली. त्याला वाटलं, औषध लागू पडलं. प्रत्यक्षात खाज आणि लाली ही शरीर बुरशीशी झगडत असल्याची लक्षणं होती आणि स्टिरॉइडनं तो झगडाच दाबला. बुरशी जिवंत राहिली. ट्यूब बंद केल्यावर चट्टा परत आला, आधीपेक्षा मोठा. त्यानं पुन्हा ट्यूब लावली. असं दोन-तीन महिने चाललं की चट्ट्याची गोल, उठावदार कड पुसट होते आणि तो नायटा आहे हे पाहणाऱ्याला पटकन ओळखताही येत नाही.

जांघेची कातडी पातळ असते, हातापायांच्या कातडीपेक्षा ती औषध कितीतरी जास्त शोषते. वरून घट्ट, घामानं भिजलेला लंगोट असला की शोषण आणखी वाढतं. काही आठवड्यांत कातडी विरळ होऊन तिच्यावर ताणल्यासारखे लाल-जांभळे पट्टे उमटतात आणि ते कायमचे राहतात. तीव्र स्टिरॉइड मोठ्या भागावर फार दिवस लावलं तर ते रक्तात उतरून मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींचं कामही मंदावू शकतं. पोटात जात नाही म्हणून धोका नाही, हे म्हणणं इथं टिकत नाही.

चिठ्ठी लागेल की नाही हे ठरवताना औषध किती जोरदार आहे एवढंच पाहत नाहीत. ब्रिटनच्या २०१२च्या नियमांत चिठ्ठीची सक्ती करण्याची कारणं लिहिलेली आहेत. देखरेखीशिवाय घेतलं तर नीट वापरूनही ते घातक ठरू शकतं का, लोक ते सर्रास चुकीचं वापरतात का, ते नवं असून त्याचा अजून अभ्यास व्हायचा आहे का, आणि ते इंजेक्शन आहे का. 'घातक' यात अप्रत्यक्ष धोकाही धरतात, म्हणजे औषध खरा आजार झाकून टाकत असेल तर तेही. या सगळ्यामागचा साधा प्रश्न असा की माणसाला आपला आजार स्वतः ओळखता येतो का, आणि चूक झाली तर काय होतं. डोकं दुखतंय हे कळायला डॉक्टर लागत नाही. जांघेतला लाल चट्टा नायटा आहे, इसब आहे की सोरायसिस, हे मात्र अनुभवी डॉक्टरलाही कधीकधी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. इसबावर स्टिरॉइड उपयोगी, नायट्यावर तेच उलटं. ओळखायची चूक इतकी सोपी आणि इतकी महाग असताना ती ट्यूब मोकळी ठेवता येत नाही.

'मिलीभगत' या शब्दाला उत्तर द्यायचं तर आपल्याकडची प्रक्रिया बघावी लागेल. औषधांचा कायदा १९४०चा आणि त्याखालचे नियम १९४५चे. कुठलं औषध चिठ्ठीवर हे त्या नियमांच्या 'शेड्यूल एच'मध्ये नावानिशी लिहिलेलं असतं. यादी बदलायची तर केंद्र सरकार औषध तांत्रिक सल्लागार मंडळाचा सल्ला घेतं, मसुदा राजपत्रात छापून हरकती मागवतं आणि मग अंतिम अधिसूचना काढतं. मंडळावर सरकारी अधिकारी, औषधशास्त्राचे आणि वैद्यकाचे प्रतिनिधी असतात. कायद्यात उद्योगाच्या प्रतिनिधीची जागा एक आहे.

स्टिरॉइड ट्यूबांच्या बाबतीत तर कंपन्यांचं हित नेमकं उलट्या दिशेला होतं. शेड्यूल एचच्या शेवटी एक टीप होती, तिच्यामुळे वरून लावायच्या औषधांना यादीतून सूट मिळायची. तेच स्टिरॉइड गोळीत असलं तर चिठ्ठी लागे, मलमात असलं तर नाही. त्वचारोगतज्ज्ञांची संघटना वर्षानुवर्षं याविरुद्ध बोलत होती. अखेर मार्च २०१८मध्ये सरकारनं वरून लावायची १४ स्टिरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली. शेड्यूल एचमधल्या औषधाची सरकारी परवानगीशिवाय लोकांसाठी जाहिरात करता येत नाही. कंपनीला चिठ्ठीची सक्ती नकोच असते, मोकळी विक्रीच हवी असते. माझ्या मते खरी तक्रार हीच असायला हवी की ही पळवाट बुजवायला इतकी वर्षं का लागली.

'परदेशात मोकळ्या मिळतात' ही अर्धी गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये औषधांच्या दुकानात फार्मासिस्टकडून चिठ्ठीशिवाय मिळतं ते मुख्यतः सौम्य हायड्रोकॉर्टिसोन, १ टक्का. तेही जास्तीत जास्त सात दिवस, चेहऱ्यावर नाही, जननेंद्रियांवर नाही, बुरशी झालेल्या कातडीवर नाही, दहा वर्षांखालच्या मुलाला डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. क्लोबेटासॉल तिथंही चिठ्ठीवरच आहे आणि अमेरिकेतही. बुरशीवरचं नुसतं क्लोट्रिमॅझोल मात्र ब्रिटनमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं, कारण निदान चुकलं तरी ते आजार झाकत नाही.

आणि 'मेडिकलवाला देतोच', हे खरं आहे. पण त्यामुळे नियम मोडला जातो एवढंच सिद्ध होतं, औषध निर्धोक ठरत नाही. बरं, आपल्या कायद्यात चिठ्ठीशिवाय विकायच्या औषधांची अशी वेगळी व्याख्याच नाही. चिठ्ठीच्या याद्यांत जे नाही ते मोकळं, असं चालतं. त्यामुळे ग्राहकाला वेष्टनच वाचावं लागतं. ट्यूबवर 'आरएक्स' ही खूण आणि नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय किरकोळ विक्री करू नये अशी इंग्रजी ओळ असेल तर ती शेड्यूल एचची. घटकांत क्लोबेटासॉल, बेक्लोमेथासोन, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं की ते स्टिरॉइड.

गगनबावडा किंवा चंदगडकडच्या माणसाला त्वचेचा डॉक्टर जवळ नसतो, ही अडचण मी नाकारत नाही. पण त्याला स्टिरॉइड नसलेलं बुरशीचं मलम लागतं, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही ते पुढं काही दिवस लावावं लागतं. चट्टा पसरलेला असेल किंवा परत परत येत असेल तर कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या त्वचा विभागात दाखवा. आधी लावलेली ट्यूब बरोबर न्या आणि किती दिवस लावली ते सांगा, कारण स्टिरॉइडनं चट्ट्याचं रूप बदललेलं असतं. ट्यूब चेहऱ्यावर महिनोन् महिने लावली असेल तर ती स्वतःहून एकदम बंद करू नका. एकदम थांबवल्यावर चेहरा लाल होऊन जळजळतो आणि माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब घेतो. तो चेहरा तपासणाऱ्या डॉक्टरांनाच ती कशी कमी करायची हे ठरवू द्या.